मेथीची जुडी विकताना या चुका टाळा: आधी खराबा मोजा, मग भाव लावा

नाशिकच्या मार्केट यार्डात संध्याकाळी पालेभाज्यांचा लिलाव होतो. तिथून मी मेथी घेते, पहाटे नीट करते आणि बुधवारी गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात बसते. पहिली दोन वर्षं गल्ल्यात पैसे दिसायचे, पण दुसऱ्या दिवशी माल घ्यायला कमी पडायचे.

हिशोब असा होता. आठशे रुपये शेकड्याने शंभर जुड्या, रिक्षाभाडं शंभर. जुडी पडली नऊला, विकली बाराला. म्हणजे तीनशे सुटले, असं मी धरायची. एकदा मुलगी म्हणाली, "आई, आज टाकून दिलेल्या जुड्या वेगळ्या ठेव." रात्री कॅरेटमधल्या मोजल्या तर पंचवीस! विकल्या पंचाहत्तर, आले नऊशे रुपये. गेलेही नऊशेच. दिवसभर उन्हात बसून हातात शून्य.

मग दुसरी चूक केली. पंचवीस टक्के खराबा म्हणून नऊवर पंचवीस टक्के चढवले. सव्वाअकरा आले, म्हणून बाराला परवडतं असं वाटलं. पण पैसा शंभर जुड्यांचा गेलेला असतो आणि तो पंचाहत्तर जुड्यांनीच परत आणायचा असतो. म्हणून चढवायचं नाही, भागायचं: नऊशे भागिले पंचाहत्तर, बारा रुपये. ही झाली खरी पडतळ, नफा यानंतर. पंधराला विकली तर सव्वादोनशे उरतात.

संध्याकाळी पाच रुपयांना काढलेल्या जुड्या चांगल्या विक्रीत धरू नका. त्या खराब्यातच मोजा, आलेले पैसे वरचे समजा. नाहीतर खराबा कमी दिसतो आणि भाव पुन्हा चुकतो.

एका दिवसावरून टक्का ठरवू नका. मी आठवडाभर लिहिते, प्रत्येक भाजीचा वेगळा. पावसाळ्यात मेथी ओली येते, गोणपाटात दाबली की आतून तापते. घेतानाच गोणीच्या मधोमध हात घालून बघा. ऊब लागली किंवा आतली पानं पिवळी, चिकट दिसली, तर सकाळपर्यंत खराबा वाढणार हे धरूनच बोली लावा. घरी आल्यावर गोणी लगेच सोडा, जुड्या उभ्या पसरा. पाणी हलकं शिंपडा, भिजवू नका.

आता शेजारची ताई बारालाच विकत असेल तर पंधरा कोण देणार? तिथे भाव नाही, माल कमी करायचा. मी सत्तरच जुड्या आणल्या: पाचशे साठ आणि भाडं शंभर, सहाशे साठ. दुपारपर्यंत पासष्ट गेल्या, खराबा फक्त पाच. बाराच्याच भावाने सातशे ऐंशी आले, एकशे वीस सुटले. शंभर जुड्या आणून त्याच भावात काहीच सुटत नव्हतं.