पुढचा डोंगर विमानाला कसा कळतो: टॉजवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

एव्हिऑनिक्सच्या चाचणी विभागात नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतो. टॉज, म्हणजे टेरेन अवेअरनेस अँड वॉर्निंग सिस्टिम, समोरचा डोंगर कशाने बघते? बहुतेकांचं उत्तर असतं, रडारने. पण टॉज समोर काहीच बघत नाही. विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि कुठे चाललंय एवढं तिला माहीत असतं, आणि पोटात जमिनीच्या उंचीचा नकाशा असतो. बाकी सगळं गणित.

हे गणित का लागलं, ते आधीची पद्धत समजल्याशिवाय कळत नाही. डॉन बेटमन या अभियंत्याने विकसित केलेली जीपीडब्ल्यूएस, म्हणजे जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा, 1970च्या दशकात विमानांत आली. तिचा मुख्य आधार रेडिओ अल्टिमीटर. हा विमानाच्या पोटाखालून सरळ खाली लहरी सोडतो आणि साधारण 2,500 फुटांपर्यंत जमिनीपासूनचं अंतर सांगतो. हे अंतर फार वेगाने कमी व्हायला लागलं की इशारा मिळतो. उतरताना किंवा हळूहळू चढत जाणाऱ्या जमिनीवर हे उत्तम चालतं. पण समोर सरळ कडा असेल तर? कागद-पेन्सिल घ्या, आपण हिशेब करू.

विमान 6,000 फुटांवर सपाट उडतंय, जमिनीवरचा वेग 240 नॉट, म्हणजे मिनिटाला 4 सागरी मैल. खालची दरी 3,500 फुटांवर आहे. पुढे एका मैलात जमीन थेट 6,400 फुटांपर्यंत चढते. हा एक मैल पार करायला 15 सेकंद लागतात, आणि विमान आपल्या उंचीवर कड्याला धडकतं ते चढ सुरू झाल्यापासून जवळपास 13व्या सेकंदाला. चढ सुरू होईपर्यंत रेडिओ अल्टिमीटर निवांत 2,500 दाखवत असतो. जमीन वर येतेय हे त्याला कळून इशाऱ्याची मर्यादा ओलांडली जाईपर्यंत आणखी चारेक सेकंद जातात. वैमानिकाच्या हातात उरतात आठ-नऊ.

त्या आठ-नऊ सेकंदांत काय होतं? वैमानिकाला भानावर यायला 3 सेकंद धरा. मग त्याने पाव जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाव पट, एवढ्या जोराने नाक उचललं, तर 6 अंशांच्या चढाला लागायला आणखी 5 सेकंद जातात आणि तोवर उंची वाढते जेमतेम 110 फूट. लागणार होते 400च्या वर.

आता तोच इशारा धडकेच्या 30 सेकंद आधी मिळाला असं समजा. तेवढीच सुस्ती, तेवढाच जोर. 6 अंशांच्या चढावर विमान सेकंदाला सुमारे 42 फूट वर जातं. शिखर धडकेच्या जागेपासून दोन सेकंद पुढे आहे, म्हणजे चढायला जवळपास 24 सेकंद मिळतात. विमान 7,100 फुटांच्या आसपास पोहोचतं, शिखराच्या 700 फूट वरून निघून जातं. वैमानिक तोच, विमान तेच. फरक फक्त 20-22 सेकंदांचा. हा हिशेब स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पुढचा एकही दस्तऐवज उघडू नका, असं मी आग्रहाने सांगतो.

टॉज हे सेकंद मिळवते ती अशी. जीपीएसवरून स्थान, वेग आणि दिशा कळते. त्यावरून विमानाच्या पुढे हवेत एक कल्पित पट्टा आखला जातो, वळणात असाल तर तो वळणाच्या बाजूला झुकतो. पट्ट्याखालच्या नकाशातल्या प्रत्येक चौकोनाची उंची तपासली जाते. पण जमीन विमानाच्या उंचीला भिडेपर्यंत थांबायचं नसतं, मध्ये ठरावीक अंतर राखावं लागतं. विमानतळापासून लांब, सपाट उड्डाणात ते किमान 700 फूट असतं. आपल्या उदाहरणात म्हणजे 5,300 फुटांच्या वरची जमीन पट्ट्यात आली की दखल घेतली जाते. सर्वसाधारणपणे मिनिटभर आधी सावधगिरीचा पिवळा इशारा आणि अर्ध्या मिनिटावर लाल, ‘टेरेन, टेरेन, पुल अप’.

इथपर्यंत सोपं वाटतं. आमचं बहुतेक आयुष्य मात्र उलट प्रश्नात जातं: उगाच ओरडू नये म्हणून काय करायचं? कारण प्रत्येक विमान शेवटी जमिनीवर उतरतंच. धावपट्टीकडे येताना 700 फुटांचा नियम तसाच ठेवला तर प्रत्येक लँडिंगला आरडाओरडा होईल. म्हणून धावपट्टी जवळ येईल तशी मर्यादा सैल होत जाते. 15 मैलांच्या आत, ठरावीक उंचीखाली ती 350 फूट होते, आणि 5 मैलांच्या आत, 1,900 फुटांखाली 150. याचा अर्थ नकाशात डोंगरांइतक्याच धावपट्ट्याही बिनचूक हव्यात. एखादी धावपट्टी यादीत नसेल, तर तिथे नीट उतरणाऱ्या विमानालाही टॉज डोंगराकडे चालल्यासारखं वागवते. 2010 मध्ये स्मोलेन्स्कजवळ पोलंडच्या अध्यक्षांचं विमान कोसळलं, तेव्हा तिथला विमानतळ टॉजच्या नकाशात नव्हता. अशा ठिकाणी खरा इशारा आणि खोटा इशारा कानाला सारखेच लागतात.

नव्या लोकांना सर्वांत जास्त छळते ती उंची. हवेच्या दाबावरून काढलेली उंची दाबाचा आकडा चुकीचा बसवला की बिघडते. 10 हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे पावणेतीनशे फूट. थंडीत तर अल्टिमीटर खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. म्हणून जीपीएसची उंची मिसळतात. पण जीपीएस मोजतो पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून आणि नकाशा असतो समुद्रसपाटीपासून. दोन्हींतला फरक काही भागांत 100 मीटरपर्यंत जातो. चाचणीत एखाद्या प्रदेशात सगळे इशारे एकसारखे लवकर किंवा उशिरा येत असतील, तर अल्गोरिदमला हात लावण्याआधी ही दुरुस्ती लागू झालीय का ते बघा. इशारे फक्त एका दिशेने येताना बिघडत असतील, तर स्थान सरकलंय. आणि हल्ली काही भागांत जीपीएसचे खोटे संकेत सोडले जातात, तेव्हा समुद्रावर उंच उडणाऱ्या विमानातही ‘पुल अप’ ऐकू येतं.

अपघातांचे अहवाल वाचताना मी आधी फक्त वेळा उतरवून घेतो. 1995 मध्ये कोलंबियातल्या काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सच्या 965 क्रमांकाच्या उड्डाणाला जुन्या जीपीडब्ल्यूएसने साधारण 12 सेकंद दिले. वैमानिकांनी नाक लगेच उचललं, पण वेग आणि उंची कमी करणारे पंखांवरचे स्पीडब्रेक उघडेच राहिले. 2012 मध्ये इंडोनेशियात सालाक पर्वतावर सुखोई सुपरजेट आदळलं. तिथे टॉज होती आणि पहिला इशारा 38 सेकंद आधी आला होता. नकाशातच काही गडबड असेल असं समजून कॅप्टनने तो बंद केला. अहवालासाठी केलेल्या सिम्युलेशनमध्ये दिसलं, की पहिल्या इशाऱ्यानंतर 24 सेकंदांपर्यंत विमान वर ओढलं असतं तरी धडक टळली असती. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचा, आणि वाचताना वरचा हिशेब त्यांच्या वेग-उंचीने पुन्हा मांडा. यंत्रणेने किती सेकंद दिले आणि त्यातले किती वापरले गेले, हे दोन आकडे वेगळे काढता आले की चाचणीचे प्रसंग कसे लिहायचे ते आपोआप सुचायला लागतं.