बँकेची साठ दिवसांची मागणी नोटीस आली असता तिला उत्तर कसे द्यावे

घरावर किंवा गाळ्यावर कर्ज असेल आणि हप्ते थकले असतील, तर एके दिवशी ‘नोटिशीच्या तारखेपासून साठ दिवसांत संपूर्ण येणे भरावे, अन्यथा तारण मालमत्तेचा ताबा घेतला जाईल’ असे पत्र हाती पडते. नोटिशीत सरफेसी कायदा, 2002 आणि कलम 13(2) यांचा उल्लेख असेल, तर पुढे लिहिलेले आपल्याला लागू होते. नागरी सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. पतसंस्थेची वसुली मात्र सहकार कायद्याखाली चालते, आणि तिच्या नोटिशीला द्यायचे उत्तर वेगळे असते.

पुष्कळ लोक या नोटिशीनंतर शाखेत जाऊन व्यवस्थापकांना भेटतात, मुदत मागतात आणि निर्धास्त होतात. तोंडी बोलण्याला येथे काहीही किंमत नाही. कलम 13(3अ) नुसार कर्जदाराने लेखी निवेदन किंवा हरकत दिली, तर बँकेला तिचा विचार करावा लागतो आणि ती मान्य नसल्यास निवेदन मिळाल्यापासून 15 दिवसांत कारणांसह कळवावे लागते. ही तरतूद मार्डिया केमिकल्स प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या निकालानंतर कायद्यात आली. आपण लिहिलेच नाही, तर बँकेवर हे बंधन येतच नाही.

आधी तारखा मांडाव्यात

नोटीस हाती पडल्याची तारीख लिफाफ्यावर लिहून लिफाफा जपून ठेवावा. साठ दिवस मात्र नोटिशीवरील तारखेपासून मोजावेत, कारण कायद्यातील शब्द तेच आहेत. त्यानंतर कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा, कर्जकरार आणि मंजुरीपत्र यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागवाव्यात. त्यांची वाट पाहत उत्तर लांबवू नये. उतारा न मिळाल्यास तसे उत्तरातच नमूद करावे.

बँकेला ही नोटीस काढण्याचा अधिकार खाते अनुत्पादित, म्हणजे एनपीए, झाल्यावरच मिळतो. मुदत कर्जाचा हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक काळ थकले की खाते एनपीए ठरते. म्हणून सर्वांत जुना न भरलेला हप्ता कोणत्या तारखेचा, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच बहुतेक उत्तरांत विचारलेला नसतो.

उदाहरणादाखल नाशिकमधील पाथर्डी फाट्याजवळील एका सदनिकेचे प्रकरण घेऊ. मासिक हप्ता 26,400 रुपयांचा, दर महिन्याच्या 5 तारखेचा. अंबडमधील कारखान्यात काम करणाऱ्या कर्जदाराचे 2025 मधील जानेवारीपासूनचे हप्ते थकले. 12 मार्चला त्यांनी एक पूर्ण हप्ता भरला. 22 एप्रिलच्या नोटिशीत खाते 5 एप्रिलला एनपीए झाल्याचे लिहिलेले होते. उतारा पाहिल्यावर कळले की मार्चमध्ये भरलेल्या रकमेतील 9,000 रुपये बँकेने 10 मार्चला खात्यावर टाकलेल्या दंडात्मक आकारापोटी आणि तपासणी खर्चापोटी वळते केले होते. त्यामुळे जानेवारीचा हप्ता तेवढ्या रकमेने अपुरा राहिला आणि नव्वद दिवसांची मोजणी 5 जानेवारीपासूनच चालू राहिली. ती रक्कम आधी हप्त्यात जमा झाली असती, तर सर्वांत जुनी थकबाकी 5 फेब्रुवारीची ठरली असती आणि 6 मेपूर्वी खाते एनपीए झालेच नसते. म्हणजे 22 एप्रिलची नोटीस मुदतीआधीची ठरते. उरलेला आकार 10 मार्चचाच असल्याने तोही तेव्हा नव्वद दिवस जुना नव्हता.

अशी हरकत घेण्यापूर्वी करारातील रक्कम वळती करण्याचे कलम वाचलेच पाहिजे. जमा रकमेतून आधी आकार वसूल करण्याची मुभा त्यात दिलेली असेल, तर हा मुद्दा बराच दुबळा होतो. आणि हरकत मान्य झाली, तरी कर्ज फिटत नाही. बँक नवी नोटीस काढू शकते.

दंडाची रक्कमही तपासावी. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या सूचनांनुसार हप्ता चुकल्याबद्दल व्याजदरात दंडाची भर घालता येत नाही. दंड वेगळा आकार म्हणून लावावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. जुन्या कर्जांनाही हा नियम 30 जून 2024 पर्यंत लागू करायचा होता.

उत्तरात काय लिहावे

पत्र नोटिशीवर सही करणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे, नोटिशीचा क्रमांक, तारीख व कर्जखाते क्रमांक देऊन लिहावे. ‘आपण अन्याय करत आहात’ अशा वाक्यांऐवजी तारीख आणि रक्कम लिहावी. वरील प्रकरणातील मुख्य मजकूर असा होता:

‘हे कलम 13(3अ) खालील निवेदन आहे. दि. 12 मार्च 2025 रोजी भरलेल्या 26,400 रुपयांपैकी 9,000 रुपये करारातील कोणत्या कलमानुसार आकारापोटी वळते केले, ते कळवावे. ही रक्कम हप्त्यात धरल्यास नोटिशीच्या दिवशी खाते एनपीए होत नाही. सबब नोटीस मागे घ्यावी. आमचे हक्क अबाधित ठेवून आम्ही आज 60,000 रुपये भरत असून उर्वरित संपूर्ण थकबाकी 10 जूनपर्यंत भरू व त्यानंतर खाते नियमित करावे.’

शेवटच्या वाक्याला आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2021 च्या स्पष्टीकरणानुसार व्याज व मुद्दल यांची सर्व थकबाकी भरल्यावर एनपीए खाते पुन्हा नियमित वर्गात आणता येते. अर्धवट रक्कम भरून ते होत नाही. जी तारीख पाळता येणार नाही ती उत्तरात लिहू नये, कारण तेच पत्र पुढे आपल्याविरुद्ध वाचले जाते.

तारण जमीन निफाड किंवा दिंडोरीकडची असेल आणि तिच्यावर प्रत्यक्ष शेती चालू असेल, तर वेगळी हरकत घ्यावी. कलम 31 नुसार शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही. केवळ सातबारा पुरेसा ठरत नाही, म्हणून पीकपाहणी, द्राक्ष किंवा कांदा विक्रीच्या पट्ट्या आणि छायाचित्रे जोडावीत.

सहकर्जदाराने, आणि शक्य असल्यास जामीनदारानेही, सही करावी. पत्र स्पीड पोस्टने पाठवावे, त्याच दिवशी ईमेल करावे आणि शाखेत एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून मालमत्ता विकू नये वा भाड्याने देऊ नये. कलम 13(13) त्यास मनाई करते.

उत्तरानंतर

वरील निवेदन 14 मे रोजी दिले गेले. बँकेने बाराव्या दिवशी एनपीएच्या तारखेचा मुद्दा नाकारला, परंतु 5,200 रुपयांचा आकार परत केला आणि थकबाकी भरल्यास खाते नियमित करण्याचे लिहून दिले. जूनचा हप्ता धरून थकबाकी 1,35,800 रुपये झाली. 60,000 आधीच भरलेले असल्याने 75,800 रुपये 10 जूनला भरले गेले.

नकार आला, तर केवळ त्या नकाराविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, जाता येत नाही. बँकेने ताब्याची नोटीस दारावर लावली की, ताबा कागदोपत्री असला तरी, कलम 17 खाली अर्ज करण्याची 45 दिवसांची मुदत सुरू होते. कुलूप लागेपर्यंत थांबणाऱ्यांची मुदत येथेच निघून जाते. दिवाणी न्यायालयाला या कामात अधिकार नाही, त्यामुळे तेथे दावा लावण्यात हे दिवस घालवू नयेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर महिलांना, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्यासाठी अर्ज करता येतो. सोबत नोटीस, आपले निवेदन, त्याची पोच आणि बँकेचे उत्तर न्यावे.