माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेताना लेबल कसे वाचावे

बाटलीच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘१००० मिलीग्रॅम’ लिहिलेले असते, तो कॅप्सूलमधील एकूण तेलाचा आकडा असतो. ज्यासाठी या कॅप्सूल घेतल्या जातात ती ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्ले मात्र त्या तेलाचा एक भागच असतात. साध्या, संहत न केलेल्या तेलात हा भाग बहुधा १८० मिलीग्रॅम ईपीए आणि १२० मिलीग्रॅम डीएचए, म्हणजे एकूण ३०० मिलीग्रॅम एवढाच भरतो. उरलेले ७०० मिलीग्रॅम मुख्यतः इतर मेद असतात.

म्हणून बाटली प्रथम उलटी फिरवावी आणि मागचा पोषणमूल्यांचा तक्ता पाहावा. त्यात ईपीए आणि डीएचए यांच्या स्वतंत्र ओळी शोधून दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. या दोन ओळी नसून नुसते ‘ओमेगा-३’ लिहिलेले असेल, तर त्यात दुसरे काय धरले आहे हे कळायला मार्ग नसतो. अशी बाटली मी तरी ठेवून देईन.

बेरीज करण्याआधी तक्त्याच्या माथ्यावरची बारीक ओळ वाचणे फार आवश्यक आहे, कारण दिलेले आकडे एका कॅप्सूलचे आहेत की दोन कॅप्सूलच्या एका मात्रेचे, हे तिथेच लिहिलेले असते आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

समजा, लातूरच्या एखाद्या मेडिकलमध्ये ६० कॅप्सूलच्या दोन बाटल्या समोर आहेत. पहिली ४५० रुपयांची असून तिच्या एका कॅप्सूलमध्ये वर सांगितल्याप्रमाणे ३०० मिलीग्रॅम आहे. दुसरी ७२० रुपयांची असून तक्त्यात ईपीए ७२० आणि डीएचए ४८० लिहिले आहे. बेरीज १२०० येते, पण मात्रा दोन कॅप्सूलची असल्याने एका कॅप्सूलला ६०० धरावे लागतात. आता पहिल्या बाटलीत मिळून १८ ग्रॅम आणि दुसरीत ३६ ग्रॅम ईपीए-डीएचए आहे, म्हणजे ग्रॅममागे अनुक्रमे २५ आणि २० रुपये पडतात. महाग दिसणारी बाटली इथे स्वस्त ठरते, शिवाय डॉक्टरांनी रोज ६०० मिलीग्रॅम सांगितले असतील तर पहिलीच्या दोन कॅप्सूलऐवजी हिची एकच पुरते.

मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघरी असते, त्यामुळे जवसाच्या तेलाच्या ‘ओमेगा-३’ कॅप्सूलही त्याच कामाच्या वाटू शकतात. जवसात एएलए हे वेगळे ओमेगा-३ असते आणि शरीर त्याचे ईपीए, डीएचएमध्ये फारच थोडे रूपांतर करते, म्हणून तो आकडा या बेरजेत धरू नये.

कॉड माशाच्या यकृताच्या तेलाबाबत आणखी एक ओळ वाचावी लागते, ती जीवनसत्त्व अ ची. बेरीज कमी भरते म्हणून या कॅप्सूलची संख्या वाढवली, तर जीवनसत्त्व अ देखील त्याच पटीत वाढते आणि ते शरीरात साठून अपाय करू शकते. गर्भवतींनी तर हे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनीही कोणत्याही माशाच्या तेलाची मात्रा ठरवण्याआधी बाटली डॉक्टरांना दाखवावी.