रंगाचा डबा आणण्याआधी: ओल धरणाऱ्या भिंतीची तयारी

शेड ठरवण्याआधी हातात सुरी घ्या आणि भिंतीवरचा एक फोड उघडून बघा. पापुद्र्यामागे जुना रंग दिसला, तर नव्या थराने जुन्याला धरलेलं नाही. मागच्या वेळी घासणं आणि धुणं कमी पडलं होतं, एवढंच. पण मागे थेट गिलावा उघडा पडला, तो हाताला गार लागला आणि पापुद्र्याच्या पाठीला पांढरी भुकटी चिकटलेली असली, तर पाणी भिंतीतूनच येतंय.

रत्नागिरीजवळच्या आमच्या चिऱ्याच्या घरात नेमकं हेच निघालं. पश्चिमेच्या भिंतीला जोत्यापासून कमरेपर्यंत फोडच फोड होते. जांभा सच्छिद्र असतो, आणि जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर सहसा नसतो, म्हणून जमिनीतलं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं. चुन्याची सफेदी होती तोवर ते बाहेर उडून जात होतं. आम्ही मात्र ओल थांबेल या आशेने दिवाळीत तिथे रबरासारखा जाड वॉटरप्रूफ रंग लावला. पावसाचं पाणी त्याने अडवलं, पण आतली वाफही अडवली. दुपारच्या उन्हाने भिंत तापली की वाफेचा दाब वाढायचा, रंगाचा पडदा मऊ व्हायचा आणि फुगायचा. शिवाय पाणी उडताना त्यातले क्षार पडद्याखालीच राहतात. त्यांचे स्फटिक वाढत जातात आणि रंगाला गिलाव्याच्या सालीसकट ढकलून देतात. यालाच आपण लोणा म्हणतो. होळीपर्यंत पापुद्रे जोत्याशी पडलेले होते.

म्हणून यादीत पहिलं काम रंगाचं नाही, पाण्याचं. अंगण वर आलंय का ते बघा. आमच्याकडे पेव्हर ब्लॉक बसवताना भराव टाकला होता आणि तो जोतं गिळून थेट गिलाव्याला भिडला होता. भिंतीलगतची दीड फुटाची पट्टी उकरली, जोत्याच्या माथ्याखाली सहा इंच जागा मोकळी केली आणि तिथे खडी भरली. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडत असेल, तर पन्हळ लावा. छज्ज्याखालची पाणतोडी, म्हणजे पाणी भिंतीकडे न येता खाली गळावं म्हणून ठेवलेली खाच, रंगाने किंवा सिमेंटने बुजली असेल, तर ती मोकळी करा.

मग खरवडणं. सुटलेला रंग तर काढायचाच, पण ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावाही ओलीच्या खुणेच्या वर फूटभर काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरा. तो पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. नव्या गिलाव्याला खाडीची वाळू अजिबात नको. तिच्यातलं मीठ पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कुठेही गळती नसताना भिंत ओली दिसते. आम्ही खालच्या भागाला नदीची वाळू आणि चुना वापरला.

यानंतर थांबायचं, आणि हीच पायरी सगळे गाळतात. जाड भिंत महिन्याला साधारण इंचभर सुकते असा ठोकताळा आहे. पावसाळा संपल्यावर लगेच दिवाळीला रंग लावणं म्हणजे भिंत सर्वांत भिजलेली असताना तिचं तोंड बंद करणं. एप्रिलपर्यंत धीर धरा. तेव्हा दीड फूट चौरस प्लास्टिक घोट्याच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दुपारी चारला लावलं तर सकाळी आठनंतर काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर तिथे अजून रंग नाही. बाहेरच्या बाजूचे थेंब दवाचे, ते सोडून द्या.

प्लास्टिक कोरडं निघालं म्हणून कमरेखालीही ॲक्रिलिक लावायचा मोह होईल. ही चाचणी त्या दिवसाचं सांगते, ऑगस्टचं नाही. जमिनीतून ओल चढणाऱ्या भिंतीला तेवढा पट्टा श्वास घेणारा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. चुन्याच्या गिलाव्यावर भिजवून गाळलेला चुना, भिंत ओली करून, पातळ तीन हात. गिलावा सिमेंटचा असेल तर सिमेंट पेंट चालतो, मात्र जुना डिस्टेंपर किंवा ॲक्रिलिक पूर्ण निघालेलं हवं, आणि थर घट्ट झाल्यावर त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारत राहायला हवं, नाहीतर तो हाताला पिठासारखा लागतो.

कमरेच्या वर शेवाळ असेल तिथे ब्लीचिंग पावडरचं पाणी लावून ठेवा, घासा, धुवा आणि नीट वाळू द्या. नंतर बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि ॲक्रिलिकचे दोन हात. सिमेंटचा नवा गिलावा असेल तर त्याआधी किमान 28 दिवस जाऊ द्या, कारण ताज्या सिमेंटचा क्षार रंगाला खातो. दोन्ही रंगांच्या सांध्यावर आम्ही गेरूची पट्टी ओढली. खालचा चुना आता दर वर्षी मे महिन्यात एका दिवसात मारून होतो.