हिंदी डेस्कवरचा मराठी माणूस: ‘तिघे’ म्हणजे ‘तीनों’ नव्हे

नागपुरातल्या एका हिंदी दैनिकाच्या रात्रपाळीत लागलो, तेव्हा आपल्याला हिंदी येतं असा माझा पक्का समज होता. पहिल्याच आठवड्यात अपघाताची एक बातमी हाती आली. कारमध्ये पाच जण होते, त्यातले तिघे गेले. मी हेडिंग दिलं: ‘कार-ट्रक भिड़ंत में तीनों की मौत’. नाईट इनचार्ज (सगळे त्यांना भाईसाहब म्हणत) पान बघता बघता थांबले आणि म्हणाले, ‘‘कौन से तीनों?’’

माझ्या डोक्यात ‘तिघांचा मृत्यू’ होतं. मराठीतल्या ‘तिघे’ला हिंदीत नुसतं ‘तीन’ किंवा ‘तीन लोग’. ‘तीनों’ म्हणजे तिघेही, म्हणजे जेवढे होते तेवढे सगळे. माझ्या हेडिंगप्रमाणे गाडीत तिघेच होते आणि एकही वाचला नाही. बरोबर हेडिंग साधं होतं: ‘तीन की मौत, दो घायल’. त्यातही मी आधी ‘ठार’चा हिंदी जोडीदार शोधत बसलो होतो. तो नाही. मराठी मथळ्यात ‘तीन ठार’ हे विशेषण क्रियापदाचं काम उरकून टाकतं. हिंदीत तिथे नाम येतं आणि त्याच्याबरोबर ‘की’ येतेच.

हिंदी डेस्कवर नव्याने जाणाऱ्या मराठी मुलांना या ‘की’पासूनच सुरुवात करायला सांगतो. हिंदी हेडिंगमध्ये क्रियापद गाळतात असं आपण ऐकलेलं असतं, म्हणून आपण सरसकट कात्री चालवतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गळतं ते शेवटचं ‘है’, ‘हैं’, किंवा ‘गिरफ्तार’ नंतरचं ‘किए गए’. मुख्य क्रियापद ठेवलं, तर ते अनेकदा उचलून मध्ये आणतात: ‘मंत्री ने की अफसर की शिकायत’. यातली पहिली ‘की’ म्हणजे ‘केली’, दुसरी म्हणजे ‘ची’. पहिली ‘की’ शिकायत या शब्दाच्या लिंगाने चालते, आणि तो शब्द अजून यायचाच असतो. म्हणजे वाक्याच्या शेवटी काय येणार हे ठरल्याशिवाय मधलं क्रियापद लिहिताच येत नाही.

इथे मराठी कान दगा देतो. बदली स्त्रीलिंगी म्हणून मी ‘मंत्री ने की अफसर का तबादला’ लिहून मोकळा झालो होतो. तबादला पुल्लिंगी, म्हणून ‘मंत्री ने किया अफसर का तबादला’. तपास पुल्लिंगी म्हणून ‘पुलिस ने शुरू किया जांच’ लिहिलं. जांच स्त्रीलिंगी, तिथे ‘शुरू की’ हवं. पोलीस मराठीत ‘पोहोचले’, हिंदीत पुलिस ‘पहुंची’. मी वहीच्या मागच्या पानावर अशा जोड्या लिहीत गेलो: घोषणा आणि ऐलान, शिवाय शब्द तोच पण लिंग वेगळं असलेले आवाज, बर्फ, देह. दोन महिन्यांत पान भरलं. शंका आली की मी क्रियापद काढून नामावर थांबायचो: ‘अफसर का तबादला’. पळवाट खरी, पण सिंगल कॉलममध्ये जागाही वाचते.

गाळण्याला एक हद्द आहे. ‘है’ गेलं तर बिघडत नाही, कारण क्रियापद नसलेलं हेडिंग वाचक वर्तमानातच वाचतो. म्हणूनच ‘था’ गाळता येत नाही. पूर्वी चार वर्षं तुरुंगात असलेल्या आणि आता जामिनावर असलेल्या माणसाबद्दल ‘पूर्व अफसर जेल में’ लिहिलं, तर आज तो आत आहे असंच छापून येतं. ‘ने’ला तर हातही लावायचा नाही. जाता जाता, नागपूर, इंदूर, भोपाळकडे ‘चोर पकड़ाया’ सर्रास छापतात. प्रमाण हिंदीत तिथे ‘पकड़ा गया’ हवं, म्हणून उत्तर प्रदेशातून आलेला आमचा एक सहकारी दर वेळी कपाळाला हात लावायचा. मला मात्र तो शब्द आवडतो, एका शब्दात काम होतं.

अवतरणचिन्हांचा धडा मला ‘आप’ने दिला. आम आदमी पार्टीचं हे छोटं नाव मराठीत कुठेच अडत नाही, कारण आपल्याकडे ‘आपण’ आहे. हिंदीत ‘आप ने जारी की सूची’ वाचताना वाचक क्षणभर ‘तुम्ही जारी केली?’ असं अडखळतो. म्हणून त्याला एकेरी अवतरण. हेडिंगमध्ये एकेरी आणि मजकुरात बोललेल्या वाक्याला दुहेरी, अशी आमच्याकडची रीत होती.

कोणाचं बोलणं हेडिंगमध्ये घेताना मराठीत आपण विधान आधी आणि माणूस नंतर ठेवतो. हिंदीत बहुधा माणूस आधी: ‘विधायक बोले- सड़क नहीं तो वोट नहीं’. ‘बोले’ला चिकटून आडवी रेघ, पुढे अवतरणचिन्ह नाही. चिन्ह नसलं तरी रेघेनंतरचे शब्द त्याच माणसाचे हवेत. मी एकदा लांबलचक भाषणाचं सार काढून ‘बोले- अफसर भ्रष्ट’ असं लिहिलं. आमदार तसं बोललेच नव्हते. चौकशीची मागणी केली होती. भाईसाहबांनी ते ‘विधायक ने उठाई जांच की मांग’ असं केलं.

अवतरणचिन्हाचा एक त्रास तांत्रिक आहे. काही ठिकाणी अजून कृतिदेव फॉन्ट चालतो. त्यात कीबोर्डवरच्या साध्या एकेरी अवतरणाच्या जागी अर्धा श आहे. बाहेरून आलेला मजकूर नीट न बदलता चिकटवला की 'आप'चं ‘श्आपश्’ होतं. पानावर असा अनाथ श् दिसला, तर तिथे आधी अवतरण होतं असं समजा. कृतिदेवमध्ये `^` आणि `*` टाइप केले की एकेरी अवतरणाची सुरुवात आणि शेवट मिळतो.

आकड्यांत पहिला फरक डोळ्यांनाच दिसतो. आपली वर्तमानपत्रं १२ लिहितात, हिंदीवाले बहुतांशी 12. राज्यघटनेच्या कलम ३४३ मध्ये संघराज्याच्या कामकाजासाठी हिंदी देवनागरीत आणि अंक आंतरराष्ट्रीय रूपात असं म्हटलं आहे. वर्तमानपत्रांवर ते बंधन नाही, पण वाचकांच्या डोळ्यांना तेच अंक सवयीचे आहेत. आमच्याकडे एक ते नऊ अक्षरांत, पुढे आकड्यांत: ‘तीन की मौत, 12 घायल’. ‘1.5 लाख’पेक्षा ‘डेढ़ लाख’, ‘2.5 करोड़’पेक्षा ‘ढाई करोड़’ बरं, मोठ्या टायपात दशांशचिन्ह हरवतं. इंग्रजी एजन्सीच्या बातमीत २.५ बिलियन आलं, तर ते २५० कोटी. घाईत मी २५ केले होते, ते प्रुफात सापडलं.

कॅप्शनमध्ये क्रियापदच नसतं, पण शेवटी दंड असतो. माणूस शेवटी, त्याची कृती आधी: ‘दीप प्रज्वलित करते अतिथि।’ मूळ ‘करते हुए’, त्यातलं ‘हुए’ गळतं. मराठीतलं ‘करताना’ बदलत नाही, हे मात्र माणसाप्रमाणे बदलतं: ‘पौधा लगाता युवक’, ‘पौधा लगाते मंत्री’. मंत्री एकटे असले तरी आदरार्थी ‘लगाते’. विद्यार्थिनींसाठी ‘नृत्य करती छात्राएं’ व्याकरणाला धरून आहे, छापलेलं मात्र ‘करतीं’ही खूप दिसतं, आपल्या पेपरात काय चालतं ते जुन्या अंकात बघून घ्या. आणि फोटोत एकूण किती माणसं आहेत ते मोजूनच ‘तीनों’ लिहा.