युरिक ॲसिड वाढलं म्हणून मसूर बंद, आणि काळीज-बिअर चालू? या चुका टाळा

बेळगावात मेडिकल दुकान चालवतो. काउंटरवर बसून युरिक ॲसिडचे रिपोर्ट बघून बघून कंटाळा आलाय, आणि रिपोर्टपेक्षा जास्त कंटाळा लोकांच्या उपायांचा. रिपोर्टमध्ये ७ च्या वर आकडा दिसला की पहिला बळी ठरलेला, घरातली आमटी. मसूर बंद, तूर बंद, हरभरा बंद, सगळं बंद. रविवारचं मटण मात्र बंद नाही, कारण "मटणात कुठं डाळ असतंय?" असा प्रश्न मला खरोखर विचारलाय एका पाहुण्यानं.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: डाळीला गुन्हेगार ठरवणं

प्युरीन म्हणजे काय ते थोडक्यात. प्रत्येक जिवंत पेशीत असतं ते, तिच्या केंद्रातल्या द्रव्याचा तो भाग. ते मोडलं की शेवटी युरिक ॲसिड तयार होतं. साधारण दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच शरीरातल्या पेशींच्या मोडतोडीतून येतं, खाण्यातून येणारा वाटा उरलेला एक तृतीयांश. म्हणजे पथ्य कितीही कडक केलं तरी हात त्या एक तृतीयांशापर्यंतच पोचतो. तोच वाटा सांभाळायचा असेल तर निदान योग्य ठिकाणी सांभाळा की.

आता हिशोब बघा. सुक्या डाळी-कडधान्यांत शंभर ग्रॅमला ढोबळमानानं ५० ते १५० मिलीग्रॅम प्युरीन असतं, डाळीप्रमाणं आणि कोणी मोजलंय त्याप्रमाणं आकडा हलतो. पण शंभर ग्रॅम सुकी डाळ एका माणसानं एका बसणीला खाल्लीय असं कधी बघितलाय काय? वाटीभर आमटीत पंचवीस-तीस ग्रॅम डाळ जाते, म्हणजे प्युरीन पंधरा ते पंचेचाळीसच्या घरात. काळजाचं बघा आता. शंभर ग्रॅमला २०० च्या वर, कोंबडीच्या काळजात तर ३०० च्या आसपास, आणि ते लोक वाटीत मोजून खात नाहीत, ताटलीत घेऊन खातात.

वर आणखी एक. २००४ मध्ये अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांवर बारा वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास छापून आला होता. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक पायाच्या अंगठ्यासारख्या सांध्यात बसून येणारी सूज, जास्त झाला, दूध-दही खाणाऱ्यांना कमी झाला, आणि प्युरीन असलेल्या भाज्या-कडधान्यं खाणाऱ्यांना धोका वाढलेला दिसलाच नाही. आपल्याकडं येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात भातामागं मसूर पेरतात, त्या मसुराची आमटी पिढ्यान्‌पिढ्या खाऊन कुणाचा अंगठा सुजला नाही, आणि आता अचानक मसूरच वाईट? डाळ सोडून लोक काय खातात तर भात-बटाटा आणि चहाबरोबर खारी. वजन वाढतं, आणि वाढलेल्या वजनानं युरिक ॲसिड वाढतं. किडनीचा आजार असून डॉक्टरांनी प्रोटीन मोजून दिलं असेल तर ते वेगळं, त्यात मी पडत नाही.

चूक दुसरी: "मी पीस खाल्लो नाही, नुसता रस्सा पिलोय"

यावर जरा सविस्तर सांगतो, कारण एका दाजींची गोष्ट डोक्यातून जात नाही. खानापूरच्या बाजूचे. पूर्वी एकदा अंगठा सुजला होता तेव्हा गाऊट सांगितलेला, तेव्हापासून दाजींनी डाळ सोडली. आमटीला हात नाही. बायको बिचारी दोन भाज्या वेगळ्या करायची. मग गावची यात्रा आली. सकाळी बोकड पडल्यावर पहिला मान काळीज-गुर्द्याचा, कांदा-मिरची घालून तव्यावर परतलेलं, ते दाजींनी खाल्लं कारण "थोडंच होतं". दुपारी पथ्य म्हणून मटणाचे पीस बाजूला ठेवले आणि पांढरा रस्सा वाटीवर वाटी. संध्याकाळी गोव्याहून आलेल्या कुणीतरी गाडीतून बिअर काढली, थंडगार, मोठ्या दोन बाटल्या.

रात्री तीनच्या सुमारास उजव्या पायाचा अंगठा पेटला. चादर लागली तरी ओरडत होते म्हणे. लालभडक, चकचकीत, गरम.

या एका दिवसात सगळं आलंय म्हणून उलगडून सांगतो. काळीज-गुर्द्याचं वर सांगितलंच. वजडी तेवढी वाईट नाही, काळजापेक्षा बरीच खाली, पण लोक वजडी टाळतात आणि काळीज "रक्त वाढतंय" म्हणून खातात. रस्स्याचं गणित मात्र फार थोड्यांना माहीत असतं. प्युरीन पाण्यात विरघळतं. मटण तास-दीड तास शिजवलं की त्यातलं बरंच प्युरीन पाण्यात उतरतं, आणि तेच पाणी म्हणजे तुमचा रस्सा, अळणी, पायाचं सूप. पीस ठेवून रस्सा पिणं म्हणजे पथ्याच्या नावाखाली नेमकं नको ते पिणं. माझ्या घरात उलटं चालतं: खायचंच असेल तर दोन-तीन पीस, रस्सा भाकरी भिजण्यापुरता, काळीज अजिबात नाही.

बिअरचं गणित लोकांना उलटं वाटतं

बिअरच्या मोठ्या बाटलीत प्युरीन फार नसतं, वीस ते पंचेचाळीस मिलीग्रॅम असेल, म्हणजे जवळजवळ तुमच्या आमटीच्या वाटीएवढंच. मग आमटी निर्दोष आणि बिअर गुन्हेगार कशी? कारण खरा घोळ दारू करते. दारू पचवताना लिव्हरमध्ये पेशींची शक्ती खर्च होऊन आतलंच प्युरीन मोडतं, आणि जोडीला लॅक्टिक ॲसिड वाढतं. ते वाढलं की किडनी युरिक ॲसिड बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवते. वर लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी जातं. बिअरमध्ये तर दारूसोबत ग्वानोसिन नावाचं प्युरीन असतं, जे आतड्यातून चटकन शोषलं जातं. म्हणून बिअर सगळ्यात वर, व्हिस्की-रम त्याच्या खाली. "मग मी रमवर जातो" म्हणणारे लगेच हजर असतात. रमनंही धोका वाढतो हो, आणि ज्याला एकदा गाऊट झालाय त्याला कुठलीही दारू झटका आणू शकते, वाइनसुद्धा. बिनदारूच्या बिअरचंही कौतुक नको, दारू जाते पण ग्वानोसिन राहतंय.

रात्रीच का दुखतं? रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८ च्या वर गेलं की विरघळून राहणं अवघड होतं, थंड पाण्यात जास्त साखर टाकली की तळाशी बसते ना, तसं. पायाचा अंगठा शरीराचं थंड टोक, रात्री पाणीही कमी प्यालेलं असतं, आणि सुईसारखे स्फटिक सांध्यात बसतात.

चूक तिसरी: सूज असताना रिपोर्ट काढून "नॉर्मल आलं" म्हणणं

दाजींची गोष्ट इथंच संपत नाही. सकाळी रक्त तपासलं, युरिक ॲसिड ६.४. "नॉर्मल आहे, गाऊट नाही" असं घरच्यांनीच ठरवून टाकलं, कुणी म्हटलं पाय मुरगळलाय, कुणी चोळून दिलं (दुखत्या गाऊटच्या सांध्याला चोळणं म्हणजे शिक्षा आहे), कुणीतरी लेप लावला. दहा दिवसांत उतरलं. लेपाचा जयजयकार झाला. अहो, गाऊटचा झटका आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप उतरतो, त्या दिवसांत जे काय लावाल त्याला श्रेय मिळतंय. झटक्याच्या वेळी रक्तातला आकडा खाली आलेला दिसू शकतो, त्यामुळं त्या दिवशीच्या नॉर्मल रिपोर्टनं गाऊट नाही असं ठरत नाही. सूज उतरल्यावर दोन आठवड्यांनी परत तपासायचं. दाजींनी माझ्या कटकटीनं तपासलं, तेव्हा ८.९.

याची दुसरी बाजूही आहे, तेवढीच त्रासदायक. एकही सांधा दुखत नाही, पॅकेजमध्ये तपासलं म्हणून ७.३ आलं, आणि माणूस थेट माझ्याकडं, "युरिक ॲसिडची गोळी द्या". नुसता वाढलेला आकडा म्हणजे गाऊट नव्हे. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, भांडून जातात दुसऱ्या दुकानात.

चूक चौथी: गोळीशी खेळणं

ॲलोप्युरिनॉल ही झटक्याची गोळी नाही, दुखणं तिनं थांबत नाही. आकडा ६ च्या खाली नेऊन तिथंच ठेवायचा, म्हणजे बसलेले स्फटिक हळूहळू विरघळतात, ते तिचं काम. डॉक्टर साधारण १०० मिलीग्रॅमनं सुरू करून हळूहळू वाढवतात. आणि गंमत अशी की सुरुवातीच्या महिन्यांत स्फटिक हलायला लागल्यामुळं झटके उलट जास्त येऊ शकतात, म्हणूनच जोडीला झटका अडवणारी कोल्चिसिन थोडी लिहून देतात. लोक काय करतात, कोल्चिसिन महाग वाटली म्हणून वगळतात, झटका आला की "ही गोळी सोसत नाही" म्हणून दोन्ही बंद. मग सहा महिन्यांनी परत पहिल्यापासून. झटका आला तरी चालू असलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नका. अपवाद एकच, अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिथं थांबून बघू असला विचार नको.

पेनकिलर आठवडाभर स्वतःच्या मनानं घेणारे तर विचारू नका. बीपी, शुगर, किडनी काही असेल तर त्याच गोळ्या किडनी खातात, आणि किडनीच युरिक ॲसिड बाहेर टाकते.

बाकी किरकोळ. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढतं, पण स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, बदलून मिळते. वजन घटवायला कडकडीत उपास केले तर झटका येऊ शकतो, हळूहळू घटवा. टोमॅटो-पालकाला दोष देऊन काही मिळत नाही.

आणि बिअर सोडून कोल्ड्रिंकवर आलेल्यांनी बाटली परत ठेवा. त्यातल्या साखरेतलं फ्रुक्टोज लिव्हरमध्ये जाऊन तेच युरिक ॲसिड तयार करतंय. तहान लागली तर साधं पाणी नाहीतर ताक प्या, ताक दुकानाच्या समोरच मिळतंय.