डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचा निबंध तपासताना मार्क कसे द्यायचे

आठवीतल्या मुलाचा 'मुंबईतली गर्दी' हा निबंध समोर आहे असं धरा. एकाच पानात गर्दी हा शब्द 'गदीर्', 'गरदी' आणि 'गदी' असा तीन प्रकारे लिहिलाय, आणि मधेच हे वाक्य आहे: 'दादरला गदीर् आपल्याला ढलकते पण कोणी पडल तर तिच गरदी हात देते.' लाल पेन हातात असेल तर इथे पाच गोल होतात आणि वाक्य वाचायचंच राहून जातं. म्हणून पहिल्या वाचनाला पेन बाजूला ठेवा. शक्य असेल तर मुलालाच निबंध वाचून दाखवायला सांगा, नाहीतर स्वतः मोठ्याने वाचा, कारण कानाला 'ढलकते' लगेच 'ढकलते' ऐकू येतं, डोळा मात्र तिथेच अडकतो.

वाचता वाचता समासात पेन्सिलने फक्त मुद्दे लिहा. इथे मुद्दा आहे 'ढकलणारी आणि सावरणारी गर्दी एकच', जो वर्गातल्या शुद्ध लिहिणाऱ्या कितीतरी मुलांना सुचलेला नसतो!

मग रकाने पाडा. दहा मार्कांत विचार ४, मांडणी ३, भाषा २, शुद्धलेखन १. वाक्यरचना आणि शब्दांची निवड भाषेत धरायची, काना-मात्रा नाही, नाहीतर एकाच चुकीचे मार्क दोनदा कापले जातात आणि बहुतेक अन्याय इथेच होतो. मुलाकडे डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट असेल आणि शुद्धलेखनाची सवलत मिळाली असेल तर शेवटचा रकाना सोडून द्या. आपल्या मुलाला विचाराचे ४, भाषेचे २, पण मांडणीत एकच, कारण दादरवरून तो मधेच गणपतीवर गेला आणि शेवट केलाच नाही. म्हणजे ९ पैकी ७, दहात साधारण ८. मांडणीचे दोन मार्क मात्र दयेपोटी वाढवू नका, ती उणीव खरीच आहे.

आपण नीट तपासलंय का याची शंका आली तर दुसऱ्या कोणाकडून तोच निबंध फक्त स्पेलिंग सुधारून, एकही शब्द न बदलता, उतरवून घ्या आणि सहकारी शिक्षकाला न सांगता तपासायला द्या. शुद्धलेखनाचा रकाना सोडून दोघांच्या मार्कांत एकापेक्षा जास्त फरक आला तर चुका अजून आपल्या डोक्यात बसल्यात, परत वाचा.

आणि एक, न-ण किंवा ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून लगेच डिस्लेक्सिया समजू नका, ते बोलीमुळे किंवा सवयीने कितीतरी मुलांचं चुकतं. अक्षरांची अदलाबदल, गळलेली मात्रा, एकच शब्द दर वेळी वेगळा, असं सारखं दिसलं तर पालकांशी बोलून तपासणी सुचवा, निदान मात्र आपण करायचं नाही.

वही परत देताना सगळ्या चुका दुरुस्त करून देऊ नका. 'गर्दी' आणि 'ढकलते' एवढे दोनच शब्द खाली नीट लिहून द्या, आणि ते दादरचं वाक्य का आवडलं ते एका ओळीत लिहा.